फर्मच्या करंट अकाउंटवर सही करणारा भागीदार बदलायचा आहे

प्रश्न: आम्ही तीन भागीदार. आतापर्यंत चेकवर मोठ्या काकांची एकट्याची सही चालायची. आता माझी आणि चुलतभावाची हवी. बँकेला नुसतं पत्र दिलं तर चालेल का?

उत्तर: नुसत्या पत्रावर बहुधा परत पाठवतील. लेटरहेडवर भागीदारांचा ठराव करा आणि त्यावर तिघांच्याही सह्या घ्या, काकांचीसुद्धा. अडतं नेमकं इथेच, कारण ज्याचा अधिकार काढायचा त्याचीच सही राहून जाते.

ठरावात खातं क्रमांक, कोणाचा अधिकार कधीपासून संपला आणि नव्या सह्या कशा चालतील ते लिहा. ‘दोघांपैकी कोणीही एक’ की ‘दोघांनी मिळून’, हे मोघम ठेवलंत तर पहिलाच चेक परत येईल.

सोबतच्या पत्रात ठरावाची तारीख आणि जोडलेल्या कागदांची यादी द्या: भागीदारी करारनाम्याची प्रत, तुमचं दोघांचं केवायसी, नमुना सह्यांचं कार्ड. काकांनी आधीच दिलेले, अजून न वटलेले चेक असतील तर त्यांचे नंबर आणि रकमा लिहून ‘हे वटवावेत’ असं स्पष्ट सांगा. आम्ही हे विसरलो होतो. पुढच्या तारखेचा एक चेक परत आला आणि व्यापाऱ्याची बोलणी खावी लागली.

नेट बँकिंगचा अधिकार यात आपोआप बदलेल असं धरू नका, त्याचा वेगळा फॉर्म मागा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. काका फर्ममधूनच निवृत्त होत असतील तर मात्र आधी निवृत्तीचा करारनामा लागेल.