अपलोड मार खातंय भाऊ, प्लॅन लगेच बदलू नको

भाऊ, ४० एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी व्हिडिओ कॉल अडकतो म्हणतोस, पण ते ४० डाउनलोडचे, तुझ्या स्पीड टेस्टमध्ये अपलोड २ एमबीपीएसच दिसतंय. व्हिडिओ कॉलला तुझ्याकडून जाताना साधारण १ ते दीड लागतो, म्हणजे एकटा कॉल निभतो. आता हिशोब बघ, भुसावळच्या लग्नाचे २०० फोटो, एकेक ४ एमबीचा, झाले ८०० एमबी, म्हणजे आठपट, ६४०० मेगाबिट. सेकंदाला २ मेगाबिटच्या स्पीडने जायला जवळजवळ पाऊण ते एक तास, आणि तेवढा वेळ कॉलला जागाच नाही. पुण्याच्या पोराला तुझा चेहरा थिजलेला दिसतो, तुला मात्र तो मस्त दिसतो, ही पक्की खूण.

खात्री करायची तर विंडोज लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालव:

```
ping -t 8.8.8.8
```

फोटो जात नसताना time पुढे ३०-४० ms येत असेल आणि फोटो सुरू होताच ५००-८०० वर गेला, तर राउटरात रांग लागतेय.

आधी एवढंच कर:
- फोटोचं ऑटो बॅकअप रात्रीवर टाक. घरातले सगळे फोन तपास, बायकोचा पण, बहुतेक चोर तिथंच सापडतो.
- राउटरात क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल असेल तर अपलोड मर्यादा १.७ ठेव. थोडा स्पीड जातो पण रांग कमी लागते.
- तरी अडकलं तर कॉलमध्ये एचडी बंद कर.

नवीन राउटर घेऊ नको, बरेच जण तिथंच पैसे घालवतात, त्याने अपलोडचा प्लॅन वाढत नाही. प्लॅन बदलायचाच झाला तर केबलवाल्याला अपलोड किती ते आधी विचार.