मैत्रिणीला तिच्या मुलाबद्दल सांगताना

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मैत्रिणीला तिच्या मुलाबद्दल पाठवायचा म्हणून लिहून ठेवलेला मेसेजही वाचला. तो पाठवू नकोस. त्यात खोटं काही नाही, हे मला कळतं. पण दिवाणावरच्या उड्या, फुटलेला लॅम्प, देवघरातून ओढून काढलेलं ताम्हन, सासूबाईंच्या गोळ्यांचा उघडलेला डबा आणि शेवटी तुझ्या लेकीला तीनदा बसलेला धक्का, असा सहा महिन्यांचा हिशेब तू एका दमात मांडला आहेस. तो वाचून त्या आईला एकच गोष्ट कळेल: मी दर शनिवारी हिच्याकडे चहा पीत होते आणि ही मनात यादी करत होती. मग धक्क्याबद्दलचं तुझं म्हणणं, जे खरोखर महत्त्वाचं आहे, ते तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

म्हणून आधी यादी फोड. गोळ्यांचा डबा आजच वरच्या फळीवर जाऊ दे. तो विषय बोलण्याचा नाहीच, तुमच्याही घरात दोन वर्षांचं मूल आहे. देवघराला दार असेल तर शनिवारी संध्याकाळी ते लावून घे, नसेल तर ताम्हन आणि समई दोन तास आत ठेव. सासूबाईंना आधी विचार, परस्पर हलवू नकोस. लॅम्प गेला तो गेला, त्याचा उल्लेखही करू नकोस. नुकसानीचा विषय निघाला की समोरचा माणूस पैशांचं बोलू लागतो आणि मूल बाजूला राहतं. एवढं केलंस की उरतात दोनच गोष्टी, उड्या आणि धक्का. त्यातल्या उड्या तुला स्वतःला थांबवता येतील. मैत्रिणीशी बोलायचं ते फक्त धक्क्याबद्दल.

आता उड्यांचं. तू लिहिलं आहेस की पहिल्यांदा तो दिवाणावर चढला तेव्हा तू "असू दे गं, लहान आहे" म्हणालीस. दुसऱ्यांदाही तेच म्हणालीस. साडेपाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्या दिवशी ठरलं की या घरात दिवाणावरून उड्या मारतात. मुलं घरागणिक नियम शिकतात. आजोळी जे चालतं ते स्वतःच्या घरी चालत नाही, हे त्यांना तीन-चार वर्षांपासून नीट कळतं. तुझ्या घराचा नियम त्याला कुणी सांगितलाच नाही. बालवाडीत तुम्ही वर्गात धावायला लागलात की मी काय करायचे, आठवतं का बघ. लांबून "अरे नको!" असं ओरडायचे नाही. जवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, नाव घ्यायचं आणि काय करायचं ते सांगायचं. "आमच्याकडे दिवाणावर बसतात. उड्या मारायच्यात ना? चल, खाली ही सतरंजी टाकू, तिच्यावर मार." 'नको' ऐकलं तर त्या वयाच्या मुलाला पुढे काय करायचं ते सुचत नाही, म्हणून ते तेच पुन्हा करतं. पहिल्या दिवशी हे पाच-सहा वेळा सांगावं लागेल, आणि दर वेळी त्याच शब्दांत सांग. "बघ हं, मावशी रागावेल" किंवा "आजी ओरडतील" असं म्हणू नकोस. नियम घराचा आहे, कुणाच्या रागाचा नाही. आणि "ही बघ कशी शहाण्यासारखी बसलीय" असं लेकीकडे बोट दाखवून तर मुळीच नको. पुढचा धक्का त्यातूनच येईल.

धक्क्याचं मात्र वेगळं आहे. माँटेसोरी पद्धतीत शिक्षिकेला सगळ्यात आधी निरीक्षण शिकवतात: मूल कसं आहे याचा शेरा मारायचा नाही, त्याने काय केलं ते पाहायचं. तुझं पत्र मी त्या नजरेने वाचलं. 'तो खूप आक्रमक आहे' असा शेरा तू मारला आहेस, पण दोन परिच्छेद सोडून तूच लिहितेस की ती दोघं आली की पाऊण तास सगळं छान चालतं. तिन्ही धक्के साडेसहानंतरचे आहेत. तो चित्रकलेच्या क्लासमधून थेट तुझ्याकडे येतो. तुम्ही दोघी तेव्हा स्वयंपाकघरात असता. आणि तिन्ही वेळा तुझ्या लेकीने त्याच्या गाड्यांच्या रांगेतली एक गाडी उचलली होती. म्हणजे मूल भुकेलं आहे, दमलं आहे, त्याने मांडलेलं कुणीतरी मोडलं आहे आणि जवळ मोठं माणूस नाही. साडेपाच वर्षांच्या मुलाला अशा वेळी हात आवरणं जमत नाही. आणि दोन वर्षांच्या मुलीला दुसऱ्याची मांडलेली रांग ही रांग वाटतच नाही, तिला गाडी दिसते. याने धक्का चालेलसा होत नाही. पण मैत्रिणीसमोर जाताना तुझ्या हातात तक्रारीऐवजी माहिती असेल.

मैत्रीण स्वतःच त्याला 'हायपर' म्हणते, त्या शब्दाला तू दुजोरा देऊ नकोस. असं निदान करताना डॉक्टर हे वागणं घर, शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतं का आणि सहा महिने तरी टिकून आहे का, हे बघतात. तुला दिसतो तो आठवड्यातून दोन तास, तेही दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळेला. तिने आपणहून विचारलं तर "शाळेत बाई काय म्हणतात?" एवढंच विचार आणि ऐक.

बोलायचं कधी? शनिवारी नाही, निघताना दारात चपला घालताना तर नाहीच. मी एकदा ही चूक केली आहे. बालवाडी सुटताना फाटकापाशी, इतर चार पालक उभे असताना, मी एका वडिलांना म्हटलं की तुमचा मुलगा आज पुन्हा चावला. वाक्य खरं होतं. त्यांनी माझ्याकडे न बघता मुलाचा दंड धरला आणि ओढत नेलं. आठवड्याभरात त्यांनी नाव काढून घेतलं. त्या मुलाचा दंड धरलेला हात मला अजून दिसतो. तेव्हापासून मी कधीही मुलासमोर किंवा चारचौघांत बोलले नाही. तुझ्या मैत्रिणीचा मुलगा साडेपाचचा आहे, त्याला सगळं कळतं. आपल्याबद्दल हळू आवाजात बोलणं चाललंय, हे तर आधी कळतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी तिला फोन कर. नुसतं "जरा बोलायचंय" म्हणू नकोस, ती दिवसभर जीव मुठीत धरून बसेल. "मुलांच्या खेळण्याबद्दल थोडं ठरवूया, उद्या तासभर फिरायला जाऊया का?" असं म्हण. चालताना बोललेलं बरं पडतं, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दोघींचे नवरे या बोलण्यात नकोत.

सुरुवात तुझ्या वाट्यापासून कर, कारण तो खरा आहे. "तो उड्या मारायचा तेव्हा मीच असू दे म्हणायचे, आता मी त्याला आमचा नियम सांगायला लागणार आहे." मग एकच प्रसंग, पाहिलेला: "गेल्या शनिवारी हिने गाडी उचलली आणि त्याने तिला ढकललं. तिचं डोकं टीपॉयच्या कडेला लागलं. आता दाराची बेल वाजली की ती माझ्या ओढणीत तोंड लपवते." एवढ्यावर थांब. तिला ते दिसू दे. मग मागणं, तेही एकच: "मुलं खेळतील तिथे आपल्यापैकी एक जण बसूया. आणि हात उगारला गेला तर जी जवळ असेल तिने थांबवायचं. तू आत असलीस तर मी त्याला थांबवलेलं चालेल ना तुला?" हा शेवटचा प्रश्न गाळू नकोस. दुसऱ्याच्या मुलाला थांबवण्याची परवानगी एकदा उघड मिळाली की पुढचे कितीतरी प्रसंग तिथल्या तिथे मिटतात.

काही शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नकोस. 'नेहमी' आणि 'कधीच' नको, ते खरे नसतात आणि ती लगेच अपवाद काढेल. 'लाडावलाय' नको. आणि 'वळण' आणि 'संस्कार' हे दोन शब्द तर चुकूनही नकोत. आपल्याकडे मुलाला वळण नाही म्हटलं की ते आईने लावलं नाही असंच ऐकू जातं, आणि संस्कार म्हटलं की तिचं माहेरही त्यात येतं. बहुतेक आया हे सासरी कधी ना कधी ऐकून असतात. मैत्रिणीकडून ऐकलेलं विसरलं जात नाही.

ती काय म्हणेल हे मला सांगता येणार नाही, पण तीन गोष्टी पालकांकडून मी पुन्हा पुन्हा पाहिल्या. एक रडणं. शाळेतूनही तेच ऐकून ती थकलेली असते. तिथे उपाय सुचवू नकोस, तिला बोलू दे. दुसरं, "तुझी लेकसुद्धा त्याच्या गाड्या घेते." हे खरं आहे, तर हो म्हण. "हो, घेते. म्हणूनच जवळ बसूया म्हणतेय." तिसरं, "म्हणजे आम्ही यायचं नाही का?" याचं उत्तर आधीच ठरवून जा, कारण तिथे क्षणभर जरी अडखळलीस तर ती ते उत्तर समजेल. तुला तिचं येणं हवं आहे, हे तू मला चार वेळा लिहिलंस. ते तिला सांग.

बोलल्यावर ती आठ-पंधरा दिवस गप्प राहिली तर मागे लागू नकोस. आठवड्याने एखादा साधा मेसेज टाक, भाजीचा, ऑफिसचा, काहीही, पण त्या विषयाचा नको. मात्र तिने ऐकून घेतलं आणि तरी चार-पाच भेटींत धक्के थांबले नाहीत, किंवा "मुलं म्हटल्यावर असं चालायचंच" म्हणून तिने झटकलं, तर लेकीला त्यात ठेवू नकोस. मग बागेत भेटा, जिथे पळायला जागा आहे, किंवा दोघीच भेटा. ते सुद्धा कारण सांगून कर. 'बरं नाही', 'पाहुणे आलेत' अशी खोटी कारणं दोन-तीनदा दिलीस की मैत्री तिथेच संपते.

येत्या शनिवारसाठी एवढं कर. क्लास नसलेल्या वेळेला बोलाव, साडेचारला. आल्याबरोबर मुलांना खायला दे, गप्पा नंतर. लेकीची जी दोन खेळणी तिला कुणालाही द्यायची नाहीत, ती तिच्याच हातून कपाटात ठेवून घे, त्याच्यासमोर नाही, ते यायच्या आधी. त्याच्या गाड्यांसाठी खोलीचा एक कोपरा दे आणि तिथे सतरंजी अंथर, म्हणजे लेकीलाही त्याची हद्द दिसेल. चहाचे कप घेऊन तुम्ही दोघी तिथेच खाली बसा.

बोलणं झालं की मला लिही. तू काय म्हणालीस ते थोडक्यात लिहिलंस तरी चालेल. ती काय म्हणाली ते मात्र तिच्याच शब्दांत लिही.

तुझ्या,
बालवाडीच्या बाई