मेंटरला पहिला मेल: चार ओळीत बसतं, फक्त दुसऱ्या ओळीत जीव पाहिजे

«ताई, मी तासगाव तालुक्यातली, सांगलीत टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे. घरची दोन एकर द्राक्षबाग आहे. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या एका शास्त्रज्ञ मॅडमकडे सुट्टीत काम शिकायला जायचंय. मेल लिहिला तर तो दीड पान झाला. आमच्या गाइड मॅडम म्हणतात चार ओळीत लिही. चार ओळीत एवढं सगळं कसं बसवू? ड्राफ्ट सोबत जोडलाय, बघा ना.»

अगं बघितला ड्राफ्ट, दोनदा वाचला. पहिला अख्खा परिच्छेद दहावीचे टक्के, बारावीचे टक्के, एनएसएस, वक्तृत्व स्पर्धा, लहानपणापासून विज्ञानाची आवड, असा चाललाय, आणि ज्या गोष्टीसाठी त्या मॅडम थांबून वाचतील ती गोष्ट तू दुसऱ्या पानावर शेवटून तिसऱ्या वाक्यात टाकलीयस. बागेतल्या पानावरची बुरशी तू प्लेटवर वाढवलीस आणि आपल्याच मातीतला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी, तिच्यासमोर लावलास. हे आहे तुझ्याकडे, बाकी सगळं तुझ्या वर्गातल्या साठ जणांकडे पण आहे.

तर चार ओळी म्हणजे चार वाक्यं समज. मोबाइलवर ती दहा-बारा ओळींची होतात, तेवढी चालतात. पहिल्यात तू कोण, दुसऱ्यात तू काय केलंस, तिसऱ्यात त्यांच्याकडेच का, चौथ्यात नेमकं काय पाहिजे. पहिली आणि चौथी पाच मिनिटात होते. वेळ लागतो दुसरीला आणि तिसरीला, म्हणून त्याच दोघींवर सविस्तर बोलते.

आधी दुसरी. तू लिहिलंयस, «केवड्याच्या बुरशीवर ट्रायकोडर्माचा प्रयोग करून रोग ६१ टक्के कमी केला.» या एका वाक्यात दोन चुका आहेत, आणि द्राक्षाच्या रोगांवर काम करणाऱ्या माणसाला त्या लगेच दिसणार.

पहिली चूक केवड्याची. केवडा जिवंत पानावरच जगतो, तो पीडीएच्या, म्हणजे बटाट्याच्या अगरच्या, प्लेटवर वाढतच नाही, त्यामुळे «केवडा प्लेटवर वाढवला» असं वाचलं की त्यांना कळणार की या मुलीनं काहीतरी दुसरंच वाढवलंय आणि तिला ते माहीत नाही. म्हणून मी तुला फोन केला तेव्हा पान कसं दिसत होतं ते विचारलं. तू म्हणालीस बारीक तपकिरी-काळे ठिपके होते, सुकून मधे भोकं पडलेली. मग तो करपा गं. केवडा असता तर पानावर वरून तेलकट पिवळट डाग आणि पान उलटं केलं की खाली पांढरी लव दिसली असती. तुझ्या बाबांनी बांधावर उभं राहून केवडा म्हणून सांगितलं आणि तू तेच वहीत उतरवलंस, आणि त्यात त्यांचीही चूक नाही कारण पावसाळी हवेत दोन्ही रोग एकाच वेलीवर सापडतात. पण गाइड मॅडमनी मायक्रोस्कोपखाली करप्याच्या बुरशीसारखे, म्हणजे कोलेटोट्रायकमसारखे, बीजाणू दाखवले होते हे तू फोनवर सहज बोलून गेलीस, आणि मेलमध्ये मात्र त्याचा पत्ताच नाही! तेच लिहायचं, आणि «सारखे» हा शब्द ठेवूनच लिहायचं, कारण डीएनए तपासणी झालेली नाही.

दुसरी चूक ६१ टक्क्यांची. आकडा बरोबर आहे, मी तुझ्या वहीच्या फोटोवरून करून बघितला. ट्रायकोडर्मा नसलेल्या प्लेटवर बुरशी मध्यापासून ३६ मिमी पसरली, ट्रायकोडर्मा असलेल्या प्लेटवर त्याच्या दिशेला १४ मिमीच पसरली, म्हणजे २२ मिमी कमी, ३६ पैकी २२ म्हणजे ६१ टक्के. पण ही कमी झाली ती बुरशीची प्लेटवरची वाढ. रोग कमी झाला असं म्हणायला वेलीवर फवारून, ठिपके मोजून दाखवावं लागतं. प्लेटवर खायला भरपूर असतं, ऊन नसतं, पाऊस नसतो, वरून दुसरं औषध पडत नाही. बागेत यातलं सगळं असतं आणि तिथं ट्रायकोडर्माचं काय होतं हा वेगळाच प्रश्न आहे. तू टक्के लिहूच नकोस, दोन्ही मिमी लिही. मिमी वाचलं की समोरच्याला कळतं की पट्टी लावून मोजलंय, किती प्लेटा होत्या तेही लिही, तीन-तीन होत्या ना.

आता तिसरी ओळ. तू लिहिलंयस «आपलं संशोधन अत्यंत प्रेरणादायी आहे». हे वाक्य कुठल्याही शास्त्रज्ञाला पाठवता येतं, आणि पाठवलं जातं, म्हणून ते वाचलंच जात नाही. त्यांचा एक पेपर काढ, गूगल स्कॉलरवर नाव टाकलं की यादी येते, त्यातला अलीकडचा आणि तुझ्या कामाच्या जवळचा. पहिल्या पानावर लेखकांच्या नावात बहुतेक वेळा एकाला चांदणी असते आणि खाली त्याचा ईमेल असतो, पत्रव्यवहार कुणाशी करायचा ते तिथं कळतं. नुसता सारांश वाचून थांबू नकोस, पद्धतीचा भाग वाच, तुला अर्धा कळेल, चालतंय. वाचताना वहीत एकच गोष्ट लिहून काढ: यांनी केलेलं असं काय आहे जे मला करता आलं नाही? ते सापडलं की तुझी तिसरी ओळ झाली. समजा पेपर ट्रायकोडर्मा फवारल्यावर पानावर किती दिवस टिकतो यावर असेल, तर तुझ्या प्रयोगात नेमकं तेच राहिलंय, आणि हे तू खरंच वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. पेपर सापडला नाही तर ही ओळ मनानं रचू नकोस, मग दुसरे शास्त्रज्ञ शोध.

चौथी ओळ: «मला मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती». म्हणजे काय करायचं त्यांनी? फोन करायचा, की प्रोजेक्ट द्यायचा, की पुस्तकं सुचवायची? हो किंवा नाही एवढंच लिहून पाठवता येईल असं विचार. किती आठवडे, कुठल्या तारखेपासून. आणि पहिल्या मेलमध्ये एकच मागणी. लॅबमध्ये घ्या, नाही जमलं तर फोनवर बोला, नाहीतर निदान पेपर पाठवा, असं लिहिलं की सगळ्यात सोपं ते देऊन माणूस मोकळा होतो.

हे सगळं धरून मी तुझाच मेल असा लिहिलाय, तिसरी ओळ वरच्या «समजा»मधल्या पेपरवर आहे, ती खरा पेपर वाचून बदल. मराठीत देतेय म्हणजे तुला विचार नीट दिसेल. केंद्राची संस्था आहे, त्या मॅडम मराठी असतीलच असं नाही, त्यामुळे पाठवताना इंग्रजीत, पण याच क्रमानं आणि अशाच साध्या वाक्यात.

विषय: द्राक्षावरचा करपा आणि ट्रायकोडर्मा, १५ मेपासून सहा आठवडे काम शिकण्याबाबत

आदरणीय मॅडम,
मी सांगलीत टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करते आणि तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये मी आमच्या बागेतल्या करप्याच्या पानावरून कोलेटोट्रायकमसारखी बुरशी वेगळी केली (ओळख फक्त मायक्रोस्कोपखाली) आणि आमच्याच मातीतल्या ट्रायकोडर्मासमोर वाढवली, तेव्हा सातव्या दिवशी तिची वाढ ३६ मिमीऐवजी १४ मिमी झाली, तीन-तीन प्लेटांची सरासरी. फवारलेला ट्रायकोडर्मा पानावर किती दिवस टिकतो यावरचा आपला पेपर मी वाचला, माझ्या कामात तोच भाग राहिला आहे कारण पानावरचा ट्रायकोडर्मा मोजायची पद्धत मला येत नाही. परीक्षेनंतर १५ मेपासून सहा आठवडे आपल्या लॅबमध्ये ही पद्धत शिकायला येता येईल का?

खाली पूर्ण नाव, कॉलेज, मोबाइल नंबर. संपला मेल.

बघ, टक्के नाहीत, एनएसएस नाही, वक्तृत्व नाही. ते सगळं एका पानाच्या बायोडेटात टाक आणि पीडीएफ जोड, सर्टिफिकिटांचे स्कॅन अजिबात नकोत. दोन एकर बाग मात्र मी मुद्दाम ठेवलीय, तुला ती लिहायला संकोच वाटत होता ते ड्राफ्टमध्ये जाणवलं. ठेव ती! या कामात बाग म्हणजे सँपल आहे, आणि एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी तुला कुणी शिकवायला नको हे त्यांना त्या अर्ध्या वाक्यात कळतं.

«सर/मॅडम» असं लिहू नकोस, कुणाला लिहितेय ते तुला माहीत आहे. सुरुवातीचं «आशा आहे आपण कुशल असाल» पण काढ, इनबॉक्समध्ये विषयानंतर मेलचे पहिले काही शब्द दिसतात, तिथं तुझं सांगली आणि मायक्रोबायोलॉजी दिसू दे. आणि व्हॉट्सअपवरून कॉपी करून पेस्ट करू नकोस, मागं एका मुलाच्या मेलमध्ये शास्त्रज्ञांचं नाव वेगळ्याच फाँटमध्ये आणि मोठं आलं होतं, बाकी मजकूर बारीक. त्यानं मेल खरं तर एकालाच पाठवलेला, पण बघणाऱ्याला वाटणार की वीस जणांना नाव बदलून टाकलाय. सरळ मेलमध्येच टाइप कर आणि आधी स्वतःलाच पाठवून फोनवर बघ.

पाठवण्याआधी दोन कामं. एक म्हणजे गाइड मॅडमना दाखव, प्लेटा त्यांच्या लॅबमधल्या आहेत, आणि उद्या तिकडून कुणी त्यांना फोन केला तर त्यांना माहीत असायला पाहिजे. दुसरं, अशा संस्थेत जायचं तर कॉलेजचं पत्र लागतं, काही ठिकाणी ट्रेनिंगची फी पण असते, ते केंद्राच्या वेबसाइटवर बघून ठेव आणि बाबांशी पुण्यात राहण्याच्या खर्चाचं आत्ताच बोल, हो आल्यावर नको.

दहा-बारा दिवसात उत्तर नाही आलं तर त्याच मेलला रिप्लाय करून दोनच वाक्यं लिही. पहिल्यात आधीच्या मेलची आठवण, आणि दुसऱ्यात छोटी मागणी: लॅबमध्ये जागा नसेल तर पानावरचा ट्रायकोडर्मा मोजण्याबद्दल पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का. ही मागणी मी यासाठीच मागं ठेवली होती. त्यालाही उत्तर नाही आलं तर तिसरा मेल नको, दुसऱ्या शास्त्रज्ञांचा पेपर काढ आणि तिसरी ओळ पुन्हा लिही, पहिली दोन वाक्यं तशीच चालतील.

इंग्रजी मसुदा झाला की मला पाठव, आणि वहीतल्या त्या सहा प्लेटांचे फोटो तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेव, फोन आला तर त्या पहिल्यांदा तेच मागतील.