साबणाच्या पापुद्र्यातील रंग आणि अर्ध्या तरंगलांबीचा फरक

प्रश्न: साबणाच्या पापुद्र्याच्या ठळक रंगाच्या अटीत ½ कुठून येतो?

हवेतून आलेला प्रकाश पुढच्या पृष्ठावरून परावर्तित होताना त्याच्या कलेत, म्हणजे लहरीच्या चक्रातील स्थितीत, अर्ध्या तरंगलांबीएवढा बदल होतो. मागच्या पृष्ठावर मात्र तो पाण्यातून विरळ हवेच्या सीमेवरून परततो, त्यामुळे तेथे असा बदल होत नाही. म्हणून प्रकाश लंब पडत असल्यास दोन्ही परावर्तित लहरींनी एकमेकींना बळ देऊन रंग ठळक दिसण्याची अट अशी होते: 2nt = (m + ½)λ; येथे n म्हणजे अपवर्तनांक, t म्हणजे पापुद्र्याची जाडी, λ म्हणजे तरंगलांबी आणि m म्हणजे ०, १, २ असा पूर्णांक. जाडी ३०० नॅनोमीटर आणि अपवर्तनांक १.३३ घेतल्यास डावी बाजू ७९८ नॅनोमीटर येते; m = 1 साठी तरंगलांबी ५३२, म्हणजे हिरवा रंग (m = 0 ची १५९६ तर डोळ्यांना दिसतच नाही). तारेच्या उभ्या कड्यात पाणी खाली ओघळून वरचा भाग अतिशय पातळ झाला, की पथांतर जवळजवळ शून्य होते, केवळ कलाबदल उरतो, दोन्ही लहरी एकमेकींना रद्द करतात आणि फुटण्यापूर्वी तो भाग काळा दिसतो.