‘निर्जलीकरण’, ‘पाणी उपसणे’ आणि ‘पातळी उतरवणे’

प्रश्न : बाणावलीतल्या आमच्या इमारतीच्या निविदेत ‘डीवॉटरिंग’साठी ‘खोदाईचे निर्जलीकरण’ असं लिहिलंय. साइटवर सगळे ‘पाणी उपसणे’ म्हणतात, तर वेलपॉइंटवाला ‘पातळी उतरवणे’ म्हणतो. हे तीनही एकच का? निविदेत कुठला शब्द ठेवावा?

‘निर्जलीकरण’ काढून टाका. मराठीत तो शब्द जुलाबात शरीरातलं पाणी कमी होण्यासाठी रूढ झाला आहे. शिवाय जमीन कोणी निर्जल करत नाही, करताही येत नाही. उरलेले दोन शब्द मात्र दोन वेगळी कामं सांगतात, आणि तुमच्या गावच्या जमिनीत हा फरक पैशांचा आणि सुरक्षिततेचा आहे.

उपसायचं ते आधीच आत आलेलं असतं. विहीर उपसतो, गाळ उपसतो. खोदाईतही तेच : तळाच्या एका कोपऱ्यात आणखी खोल खड्डा घ्यायचा, कडेच्या चरांनी पाणी त्यात आणायचं, भोकं पाडलेलं पिंप आत ठेवून भोवती खडी भरायची आणि त्यात पाणबुडा पंप सोडायचा. यालाच साइटवर सम्प म्हणतात. (काही निविदांत सम्पला ‘शोषखड्डा’ म्हटलेलं दिसतं. तसं लिहू नका. शोषखड्ड्यात पाणी जमिनीत मुरवतात, म्हणजे काम बरोबर उलटं. ‘उपसाखड्डा’ चालेल.) पर्वरीच्या पठारासारख्या जांभ्यात हा उपाय पुरतो. जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी वाहतं, पण कापलेली भिंत उभी राहते.

बाणावली-कोलव्याच्या वाळूत तसं नाही. पाणी आत येताना वाळूचे कणही ओढून आणतं. तळ खदखदायला लागतो, पाय रुततो, उताराचा पायथा सुटतो. ओळखायचं कसं? पंपाच्या तोंडचं पाणी काचेच्या बरणीत धरा आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. दर वेळी तळाशी वाळूचा थर बसत असेल, तर तुम्ही पाण्याबरोबर जमीनही उपसताय आणि शेजारच्या कुंपणाची भिंत लवकरच खचेल. इथे मोठा पंप लावणं म्हणजे दुखणं वाढवणं.

म्हणून पाणी खड्ड्यात शिरण्याआधीच त्याची पातळी खाली न्यायची. त्याला ‘भूजल पातळी उतरवणे’ हा नेमका शब्द. खोदाईभोवती साधारण पन्नास मिलिमीटरचे नळ पाण्याच्या दाबाने वाळूत उतरवतात. त्यांच्या टोकाला जाळी असते, तोच वेलपॉइंट. नळाभोवती जाडसर वाळू भरतात. सगळे नळ वरच्या एका मोठ्या आडव्या पाइपाला जोडतात आणि निर्वात पंप पाणी ओढतो. ‘वेलपॉइंट’ तसाच ठेवा. ‘विहीरबिंदू’ कुणाला कळणार नाही.

निविदेत पंपाची क्षमता ‘तीन एचपी’ अशी लिहिली असेल तर तेही बदला. अश्वशक्ती म्हणजे मोटरची ताकद. आपल्याला हवं ते सेकंदाला किती लिटर आणि किती मीटर उंचीला. एक उदाहरण घेऊ. खोदाई साडेतीन मीटर, उतारांसकट वरून २५ बाय १९ मीटर. पाणी जमिनीखाली दीड मीटरवर. तळ कोरडा राहावा म्हणून पातळी तळाच्याही अर्धा मीटर खाली, म्हणजे अडीच मीटर उतरवायची. जलरोधक थर नऊ मीटरवर धरू, म्हणजे त्याच्यावर आता ७.५ मीटर पाणी आहे आणि ५ उरायला हवं. वाळू मध्यम-बारीक, पारगम्यता, म्हणजे पाणी तिच्यातून किती सहज वाहतं त्याचं माप, सेकंदाला ०.०००१ मीटर. वेलपॉइंटची रांग काठाबाहेर दीड मीटरवर लावली तर ती २८ बाय २२ मीटरची होते, परिघ बरोबर १०० मीटर.

आता अख्खा खड्डा एक मोठी गोल विहीर मानायचा. तेवढ्या क्षेत्रफळाच्या विहिरीची त्रिज्या १४ मीटर येते. पातळी उतरण्याचा परिणाम नेहमीच्या अनुभवसिद्ध सूत्राने ७५ मीटरपर्यंत पोचतो, त्यात ही त्रिज्या मिळवून ८९.

```
Q = π k (H² − h²) / ln(R/r)
  = π × 0.0001 × (7.5² − 5²) / ln(89/14)
  ≈ 0.0053 m³/s
```

म्हणजे सेकंदाला ५.३ लिटर. पण हे पातळी स्थिरावल्यानंतरचं. सुरुवातीच्या दिवसांत वाळूच्या पोटात साठलेलं पाणीही काढायचं असतं, म्हणून पंप दुपटीचा, सेकंदाला १० लिटरचा घ्यायचा, आणि तेवढाच दुसरा डिझेलवर तयार ठेवायचा. वीज गेली की वाळूतलं पाणी वाट पाहत नाही.

अंतर यातूनच ठरतं. अशा वाळूत ०.७ मीटर जाळी आणि भोवती वीतभर रुंद वाळूचा भराव असेल तर एक वेलपॉइंट सेकंदाला सुमारे ०.२९ लिटर घेऊ शकतो. दर तीन मीटरवर लावले तर ३३ बसतात आणि त्यांची बेरीज १० लिटरच्या जेमतेम खाली राहते. एखादी जाळी बुजली की संपलं. दोन मीटरवर ५० बसतात, १४ लिटरच्या वर जातात. मी दोन मीटरच लिहीन. आणि ‘अंतर’ म्हणताना नळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, हेही लिहावं.

सगळ्यात नाजूक आकडा पारगम्यतेचा. वाळू थोडी जाडी निघाली आणि पारगम्यता चौपट असली, तर येणारं पाणी तिप्पट होतं. म्हणून आधी बोअर घेऊन वाळूची चाळणी करणं, शक्य तर पंप लावून चाचणी घेणं, ही बाब निविदेत स्वतंत्र हवी.

ओढण्यालाही मर्यादा आहे. प्रत्यक्षात पाच-सहा मीटरच्या पलीकडे निर्वात पंप पाणी वर आणत नाही. वरच्या उदाहरणात रांगेजवळ पाणी पावणेपाच मीटरच्या आसपास जाईल, म्हणजे सवलत थोडीच उरते. आडवा पाइप उतारावर मीटरभर खाली ठेवला की ती वाढते. आणखी खोल जायचं तर दुसरा टप्पा खाली लावावा लागतो. चालू असताना निर्वात-मापकाचा काटा खाली आला, की कुठला तरी नळ हवा ओढतोय असं समजायचं. पारदर्शक जोडनळीत बुडबुडे दिसतील, त्या नळाची चावी थोडी आवळायची.

उपसा केव्हा थांबवायचा हेही लिहा. ‘राफ्ट झाल्यावर’, म्हणजे पायाची सलग काँक्रीट लादी झाल्यावर, एवढं पुरत नाही. पंप बंद केल्यावर पाणी दीड मीटरवर परत येतं, म्हणजे तळावर दोन मीटरचा दाब, चौरस मीटरला दोन टन. साठ सेंटिमीटरच्या काँक्रीटचं वजन भरतं दीड टन, आणि नुसती राफ्ट उचलली जाते. म्हणून मजकूर असा ठेवा : ‘भूजल पातळी तळाच्या ०.५ मीटर खाली उतरवून, बांधकामाचं वजन पाण्याच्या वरच्या दाबापेक्षा पुरेसं जास्त झाल्याचं अभियंत्याने लेखी कळवेपर्यंत तशीच राखणे.’ पावसाचं आणि चरातलं पाणी ही ‘उपसा’ म्हणून वेगळी बाब.