पेज आहे, पण 'जवळच्या' सर्चमध्ये येत नाही: तुमचे प्रश्न

प्रश्न: मी वॉशिंग मशीन आणि फ्रिज रिपेअर करतो. नाव टाकून शोधलं की गुगलवर माझं बिझनेस प्रोफाइलचं पेज लगेच दिसतं, पण 'वॉशिंग मशीन रिपेअर' टाकलं की मी कुठेच नाही.

पहिले कॅटेगरी बघा. स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून गुगलवर बिझनेसचं नाव शोधा, Edit profile उघडा, तिथे मेन कॅटेगरी काय आहे ते दिसेल. बऱ्याच रिपेअरवाल्यांनी घाईत इलेक्ट्रॉनिक्स स्टोअर निवडलेलं असतं, म्हणजे गुगलच्या लेखी तुम्ही वस्तू विकणारे, मग रिपेअर शोधणाऱ्याला तुम्हाला कशाला दाखवेल? तुमच्यासाठी मेन कॅटेगरी Appliance repair service, आणि जोडीला Washer & dryer repair service व Refrigerator repair service. निम्म्याहून जास्त काम वॉशिंग मशीनचंच असेल तर तीच मेन करा, कारण सगळ्यात जास्त वजन मेन कॅटेगरीला असतं. जास्तीच्या 9 टाकता येतात पण म्हणून 9 भरायच्या नाहीत, जे काम करत नाही त्याची कॅटेगरी टाकली की नको ते फोन येतात.

मग Services मध्ये जा. तिथे नुसतं 'रिपेअरिंग' लिहून सोडू नका, एकेक काम वेगळं लिहा आणि गिऱ्हाईक फोनवर जसं बोलतं तसं लिहा: 'वॉशिंग मशीनचा ड्रम फिरत नाही', 'मशीनमधून पाणी निघत नाही', 'फ्रिजमध्ये गॅस भरणे'. कोणी तसंच काही शोधलं तर कधीकधी रिझल्टमध्ये तुमच्या नावाखाली ते काम लिहून येतं, आणि माणूस नेमका त्यावरच टॅप करतो. 750 अक्षरांचं डिस्क्रिप्शन नीट लिहा, पण ते वाचणाऱ्यासाठी आहे, त्यात कीवर्ड कोंबून रँक वर जात नाही.

प्रश्न: मग दुकानाच्या नावातच 'वॉशिंग मशीन फ्रिज रिपेअर' जोडू का? बाजूच्याने केलंय आणि तो वर दिसतो.

नको. वर दिसत असेल, पण बोर्डावर आहे तेच नाव टाकायचं हा गुगलचा नियम आहे. कोणी रिपोर्ट केलं तर नाव बदललं जातं, नाहीतर पेजच सस्पेंड होतं, आणि ते परत मिळवताना बोर्डाचे फोटो, कागदपत्रं सगळं द्यावं लागतं. तेवढे दिवस गिऱ्हाइकांचे फोन बंद.

प्रश्न: दुकान नाही, मी घरोघरी जाऊन काम करतो. पत्ता काय टाकू? आणि सगळे एरिया टाकले तर सगळीकडे दिसेन ना?

गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नसेल तर पत्ता लपवायचा आणि सर्व्हिस एरिया भरायचा. 20 पर्यंत एरिया टाकता येतात, आणि सगळं मिळून तुमच्या ठिकाणापासून गाडीने साधारण 2 तासांच्या आत असावं. पण एरिया टाकल्याने तिथे रँक मिळत नाही, हे लोकांना पटत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. अंतर मोजताना तुमचा मूळ पत्ताच धरला जातो असं फील्डमधल्या आम्हा सगळ्यांना दिसतं, पत्ता लपवलेला असला तरी. म्हणून लांबच्या भागासाठी खोटा पत्ता टाकायच्या फंदात पडू नका, सस्पेंड व्हायचं तेही एक मोठं कारण आहे.

ज्यांचं दुकान आहे त्यांनी पिन तपासावी. पत्ता बरोबर असूनही पिन मागच्या गल्लीत पडलेली असते. दुसऱ्या कोणाच्या फोनवरून डायरेक्शन लावून चालत या, दारात पोचलात तर ठीक, नाहीतर Edit profile मध्ये मॅपवर पिन ओढून दारावर ठेवा.

प्रश्न: दुपारी 2 ते 4 बंद असतो. 24 तास ओपन टाकलं तर जास्त दिसेन का?

शोधायच्या वेळी जे उघडं असतं त्याला वर यायला मदत होते, हे खरं आहे. पण रात्री फोन उचलणारच नसाल तर लोक पुढचा नंबर लावतात, वाईट रिव्ह्यू टाकतात, आणि वेळ चुकीची आहे असं गुगलला सुचवूही शकतात. तुमच्यासाठी त्याच दिवसाला दोन वेळा टाकायच्या, 10 ते 2 आणि 4 ते 8. सुट्टीसाठी रोजच्या वेळा बदलू नका, Special hours मध्ये फक्त ती तारीख भरा, नाहीतर परत बदलायचं राहून जातं आणि पेज पुढचे कितीतरी दिवस 'बंद' दाखवत बसतं.

प्रश्न: सगळं भरलं. माझ्या फोनवर मी पहिला येतो, मग फोन का नाहीत?

तुम्ही दुकानात बसून शोधताय, तिथे अंतरच शून्य, वर येणारच. Performance मध्ये लोकांनी कोणते शब्द टाकल्यावर तुम्ही दिसलात त्याची लिस्ट असते, ती महिन्याच्या सुरुवातीला अपडेट होते. त्यात फक्त तुमचंच नाव असेल तर कॅटेगरी किंवा सर्व्हिसेसमध्ये गडबड आहे. आणि 'ड्रायर रिपेअर' सारखा शब्द दिसला, ते काम तुम्ही करता पण सर्व्हिसेसमध्ये नाहीये, तर आजच टाका.