ठिबक आपोआप चालवताना पाण्याचा अंदाज का चुकतो?

«ईएसपी३२ला ओलाव्याचा सेन्सर जोडलाय. ४० टक्क्यांखाली गेलं की व्हॉल्व्ह चालू, ६० झालं की बंद. तरी वाफा कधी चिखल होतो, कधी कोरडा राहतो. हे स्वतः शिकून पाणी देईल असं करता येईल का?»

येईल. आधी ६० ला बंद करायची अट काढून टाका, खरी चूक तिथेच आहे. ड्रिपरचं पाणी सेन्सरपर्यंत मुरायला वेळ लागतो. माझ्या मिरचीच्या वाफ्यात काळी माती आहे, तिथे पाऊण तास जातो. सेन्सर ६० दाखवेपर्यंत वर तळं साचलेलं असतं. म्हणून किती मिनिटं पाणी द्यायचं ते आधीच ठरवायचं, तेवढं देऊन थांबायचं आणि पाऊण तासाने पुन्हा मोजायचं. शिकायचा आकडा एकच: एका मिनिटाच्या पाण्याने ओलावा किती टक्के वाढतो. त्याला मी `dar` म्हणतो.

```
dar = 0.8*dar + 0.2*(nantar - aadhi)/mini;
```

`aadhi` आणि `nantar` म्हणजे पाणी देण्याआधीचा आणि पाऊण तासानंतरचा ओलावा, `mini` म्हणजे दिलेली मिनिटं. जेवढा ओलावा कमी आहे त्याला `dar` ने भागलं की द्यायची मिनिटं मिळतात. सुरुवातीला मी `dar` १ धरला होता. पहाटे ओलावा ३८ होता, हवा होता ६०, म्हणून २२ मिनिटं पाणी दिलं. पाऊण तासाने ४९ दिसला, म्हणजे मिनिटाला अर्धाच टक्का वाढला. नवा `dar` ०.९ झाला आणि तेवढ्याच तुटीला पुढच्या वेळी साधारण २४ मिनिटं आली. असा तो हळूहळू खऱ्या आकड्याकडे सरकतो, एखाद्या दिवसाच्या चुकीच्या मोजणीने बिघडत नाही. मिनिटांना कमाल मर्यादा मात्र घालाच, माझी ४५ आहे.

टक्के काढताना हवेतलं आणि ग्लासातल्या पाण्यातलं रीडिंग धरू नका. तुमच्याच वाफ्यातली माती एकदा पूर्ण वाळवून आणि एकदा भिजवून, निथळल्यावर मोजा. सेन्सर कपॅसिटिव्हच घ्या. दोन उघड्या पट्ट्यांचा स्वस्त सेन्सर विजेच्या प्रवाहाने गंजत जातो. वायफाय चालू असेल तर सेन्सरची वायर ३२ ते ३९ मधल्या पिनला लावा, एडीसी२च्या पिनांवर वायफायसोबत रीडिंग भरवशाचं येत नाही.

काळ्या मातीत एक खास धोका आहे. उन्हाने भेग पडली आणि ती सेन्सरला लागूनच असली, तर सेन्सर हवा मोजतो आणि माती ठार कोरडी सांगतो. मग कितीही पाणी द्या, आकडा हलत नाही, आणि `dar` शून्याकडे घसरून मिनिटं वाढतच जातात. म्हणून वाढ ३ टक्क्यांहून कमी असेल तर शिकायचं नाही. असं लागोपाठ दोनदा झालं तर व्हॉल्व्ह बंद ठेवून दिवा लावायचा आणि आपण जाऊन बघायचं: भेग आहे, टाकी रिकामी आहे की लॅटरल निसटलीय. मधल्या पाऊण तासात पाऊस पडला, तर त्या दिवशीही शिकणं वगळा.

`dar` रोज लिहून ठेवा. माझा बरेच दिवस ०.५ वर स्थिर होता, मग दोन आठवड्यांत ०.३ वर आला. सेन्सर ठीक होता. ड्रिपर काढून पाहिले तर तोंडाशी क्षाराचा पांढरा थर. लॅटरलचं टोक उघडून पाणी सोडलं, ड्रिपर साफ केले, तेव्हा आकडा परत वर गेला.